आज्जी गेली बार्शीला

आजीनं पदर तोंडावर ओढला की नेमकं काय दिसेनासं होतं? मांडीवर समोर बसवलेल्या आठ महिन्यांच्या नातीला आजीचे हात दिसत असतात, हातातल्या बांगड्या दिसतात, लुगड्याचा काठ दिसतो. बुडाखाली आजीची मांडी आहेच. पदरामागून आवाजही चालू असतो : ‘‘आज्जी कुठं गेली गं? आज्जी गेली बार्शीला!’’ येरमाळ्यातली आजी बार्शीला जाते, कारण बाजारहाटाला तिकडं जायची सवय. दुसऱ्या गावची आजी आणखी कुठं जात असेल. मग ‘‘आली... आली... आली...’’ असा आवाज चढत जातो, पदर खाली येतो आणि ‘‘भोऽऽ!’’ नात खदखदून हसते. पुन्हा पदर वर, पुन्हा बार्शी, पुन्हा ‘भो’, आणि पुन्हा तेवढंच हसू. कधी कधी पाचव्या वेळचं हसू पहिल्यापेक्षा मोठं असतं.

मोठ्या माणसाला तोच विनोद पाच वेळा सांगा, तो उठून जाईल. बाळ मात्र जागा सोडत नाही. याचं एक उत्तर आपण सगळ्यांनी ऐकलेलं असतं : बाळाला वाटतं आजी खरोखरच नाहीशी झाली, आणि ती परत आली की त्याला आश्चर्य वाटतं. हे उत्तर ऐकायला पटतं, पण वरच्या दृश्याशी ते जुळत नाही. हात, बांगड्या, मांडी, आवाज हे सगळं जागेवर असताना आजी नाहीशी झाली असं बाळानं का मानावं?

या उत्तराचा उगम झाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाच्या कामात आहे. आपल्या स्वतःच्या तीन मुलांचं बारकाईनं निरीक्षण करून त्यानं म्हटलं की, साधारण आठ महिन्यांच्या आधी बाळासमोरचं खेळणं फडक्याखाली झाकलं तर बाळ ते शोधत नाही. जणू ते खेळणं उरलंच नाही. त्यावरून पुढं लोकांनी पदराच्या खेळाचं स्पष्टीकरण लावलं. पण फडकं उचलून न शोधणं आणि ती वस्तू आहे हे ठाऊक नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९८० च्या दशकात रेने बेयार्जाँ आणि तिच्या सहकाऱ्यांनी हातानं शोधायला न लावता नुसती बाळांची नजर मोजली. एक फळी मागं मागं पडत जाते आणि तिच्या मागं ठेवलेल्या, आता न दिसणाऱ्या खोक्यातून जणू आरपार निघून जाते, असं अशक्य दृश्य त्यांनी बाळांना दाखवलं. पाच महिन्यांची बाळं, आणि पुढच्या प्रयोगात साडेतीन-चार महिन्यांची काही बाळंही, त्या अशक्य दृश्याकडं जास्त वेळ पाहत राहिली. म्हणजे झाकलेलं खोकं तिथं आहे, याचा काहीएक हिशेब त्यांच्या डोक्यात होता. या प्रयोगाच्या अर्थावरून संशोधकांत वाद झाले आहेत. पण दुसरा पुरावा तर घरोघरी आहे : वर्ष-सव्वा वर्षाचं मूल झाकलेली वाटी बरोबर शोधून काढतं, आजी पदराआड आहे हे त्याला पक्कं माहीत असतं, तरी या खेळात ते आठ महिन्यांच्या बाळाइतकंच, किंबहुना जास्त हसतं. हसण्याचं मूळ अज्ञानात असतं, तर ज्ञान आल्यावर ते आटायला हवं होतं.

मग पदर ओढल्यानं जातं काय? जातो तो चेहरा, आणि चेहऱ्यातही मुख्य म्हणजे डोळे. नात आजीकडं पाहत असते आणि आजी नातीकडं, ही जी दोघींची नजरानजर चालू असते ती तुटते. बाळाच्या लेखी ही गोष्ट किती मोठी आहे हे एडवर्ड ट्रॉनिक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली प्रसिद्ध केलेल्या एका साध्या प्रयोगात दिसलं. आईनं बाळाशी नेहमीसारखं बोलायचं, हसायचं. मग सांगितल्याबरोबर चेहरा निर्विकार करून बाळाकडं नुसतं पाहत राहायचं. आई समोरच आहे, कुठं गेलेली नाही, चेहराही झाकलेला नाही. फक्त तो प्रतिसाद देत नाही. बाळं आधी हसून, हात हलवून आईला परत खेळात आणायचा प्रयत्न करतात, मग मान फिरवतात, काही रडू लागतात. म्हणजे काही महिन्यांच्या बाळाला आईचं शरीर समोर असणं पुरत नाही. तिच्याशी चाललेली देवघेव त्याला हवी असते. पदराचा खेळ ही देवघेव मुद्दाम तोडतो आणि लगेच जोडतो. तुटलेल्या वेळातही आवाज चालू ठेवतो, म्हणून ती पूर्ण तुटत नाही. आजीचं ‘बार्शीला गेली’ हे पुराण त्या अर्थानं बिनकामाचं नाही. पदरामागं एकदम चिडीचूप झालेली आजी लहान बाळाला घाबरवू शकते. बोलणारी आजी त्याला धरून ठेवते.

जेरोम ब्रूनर आणि व्हर्जिनिया शेरवूड यांनी १९७६ साली या खेळावर एक निबंध लिहिला. सहा बाळांना सातव्या महिन्यापासून सतराव्या महिन्यापर्यंत पाहून त्यांनी खेळाची हाडं मोकळी केली. आधी नजर मिळवायची, मग झाकायचं, मग उघडायचं, आणि मग पुन्हा नजर मिळाल्याची खूण करायची. ही चार हाडं बदलत नाहीत. बदलतं ते वरचं मांस : पदर की हात की उशी, आईचा चेहरा झाकायचा की बाळाचा, किती वेळ झाकायचं, कोणता आवाज काढायचा. आई नकळत ठरलेला सांगाडा सांभाळते आणि बाकीच्यात सारखा थोडा थोडा फरक करते. बाहेरून ‘तीच युक्ती पुन्हा पुन्हा’ दिसते, पण बाळाच्या बाजूनं पाहिलं तर काही गोष्टी पक्क्या आहेत आणि एखादीच अनिश्चित आहे. कोण येणार हे पक्कं. कुठून येणार हे पक्कं. येणार हेही पक्कं. राहिलं ते एवढंच : कधी?

आणि हे ‘कोण’ आणि ‘कुठून’ बाळ खरोखरच धरून बसलेलं असतं, हे कसं कळलं? गेरॉड पॅरट आणि हेन्री ग्लाइटमन यांनी १९८९ साली सहा, सात आणि आठ महिन्यांच्या बाळांशी हा खेळ खेळून पाहिला आणि मध्येच लबाडी केली. नेहमीचे डाव चालू असताना एखाद्या डावात लपलेल्या माणसाऐवजी दुसरंच माणूस समोर आलं. एखाद्या डावात तेच माणूस, पण वेगळ्या जागेवरून आलं. बाळाला निव्वळ आश्चर्य हवं असतं, तर या डावांत हसू वाढायला हवं होतं, कारण आश्चर्य तर आता खरं होतं. घडलं उलट. लबाडीच्या डावांत बाळं कमी हसली. त्यांना हवं होतं ते अपेक्षेप्रमाणे घडणं.

ही अपेक्षा बाळ जन्मतः घेऊन येत नाही. फिलीप रोशा आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली दोन, चार आणि सहा महिन्यांच्या बाळांसमोर हाच खेळ दोन तऱ्हांनी मांडला. एकात क्रम नीट होता : जवळ येणं, उत्कंठा वाढवणं, मग उलगडा. दुसऱ्यात तेच तुकडे, त्याच बाईनं, तेवढ्याच उत्साहानं, पण उलटसुलट क्रमानं केले. दोन महिन्यांच्या बाळांना दोन्ही सारखेच. हसू तेवढंच, पाहणंही तेवढंच. चार आणि सहा महिन्यांच्या बाळांनी मात्र फरक ओळखला. नीट क्रमाच्या खेळात ती जास्त हसली, आणि विस्कटलेल्या खेळाकडं ती जास्त वेळ टक लावून, कमी हसत पाहत राहिली. काहीतरी बिघडलंय आणि काय बिघडलंय ते कळत नाही, अशा वेळी आपणही असेच बघत बसतो.

येरमाळ्यातल्या त्या मांडीवर आता परत जाऊ आणि एकेक डाव सावकाश पाहू.

पहिला डाव. आजी आधी नातीची नजर पकडते. ‘‘ए सोने, इकडं बघ’’ म्हणते. ही पायरी बहुतेक मोठी माणसं गाळतात आणि मग बाळ हसत नाही म्हणून तक्रार करतात. नजर मिळालीच नसेल तर पदर ओढून तुटणार काय? नजर मिळाल्यावर पदर वर जातो आणि सेकंद-दीड सेकंदात खाली येतो. नात हसत नाही, फक्त डोळे मोठे करते. दुसरा डाव तसाच. यावेळी ओठ फाकतात. इतक्यात तिला सांगाडा सापडलेला असतो. तिसऱ्या डावात पदर वर असतानाच तिचं अंग थांबतं. मघाशी हलणारे पाय निश्चल, श्वास किंचित अडलेला, नजर पदराच्या काठावर. माणूस लक्ष एकवटून वाट पाहतो तेव्हा हृदयाचे ठोके मंदावतात. बाळातही ते मोजता येतं. पदर येतो आणि तेव्हा पहिलं खरं खदखदणारं हसू फुटतं.

चौथ्या डावात आजी जरा जास्त वेळ घेते. ‘‘आली... आली...’’ आणि थांबते. नातीनं मनात धरलेला क्षण उलटून जातो. ताण वाढतो, पण आजी येणार ही खात्री ढळलेली नसते. तेवढ्यात ‘भो!’ हे हसू सगळ्यांत मोठं. पाचव्या डावात आजी उलट घाई करते, पदर वर जातो न जातो तोच खाली. हसू येतं, पण छोटं. ताण जमायला वेळच मिळाला नाही. सहाव्यात ती पदराच्या उजव्या बाजूनं डोकावते. नात क्षणभर गोंधळते, मग हसते. सातव्या-आठव्या डावांपर्यंत ‘उजवी बाजू’ हाही खेळाचा भाग होऊन बसतो. दहाव्याला नात आजीकडं न पाहता बांगडीशी खेळू लागते. खेळ संपला.

हे सगळं आजीनं कुठल्या पुस्तकातून घेतलेलं नाही. नातीचा चेहरा पाहून ती पुढच्या डावाचा वेळ ठरवते, आणि त्यात ती बहुतेक संशोधकांपेक्षा तरबेज असते. कारण ज्या पट्ट्यात हसू राहतं तो अरुंद आहे. सेलेस्ट किड आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली सात-आठ महिन्यांच्या बाळांना पडद्यावर काही घटनांच्या मालिका दाखवल्या आणि बाळ कधी नजर काढून घेतं ते पाहिलं. पुढं काय होणार हे अगदीच ठरलेलं असलं की बाळं नजर काढून घेत, आणि काहीच अंदाज बांधता येत नसला तरीही काढून घेत. मधल्या भागात ती टिकून राहत. तो प्रयोग हसण्याचा नव्हता, पाहण्याचा होता. तरी पदराच्या खेळाला तो चपखल लागू पडतो. सगळं ठरलेलं ठेवून एकच गोष्ट जराशी सैल सोडली की बाळ त्या मधल्या भागात राहतं. तीच युक्ती पुन्हा केल्याशिवाय बाळाला अंदाज बांधता येत नाही, आणि अंदाज असल्याशिवाय त्याला थोडासा हुलकावताही येत नाही. पुनरावृत्ती ही या खेळातली उणीव नाही, तिच्यावरच तो उभा आहे. ढोलकीवाला आधी ठेका पक्का करतो, म्हणून मग त्याची एक मात्रा उशिरा पडली की अंगावर काटा येतो, तसंच हे.

ठरल्याप्रमाणे घडलं की समाधान वाटतं हे खरं, पण नुसतं समाधान खदखदवत नाही. त्यासाठी आधीचा ताण लागतो, आणि ताण दुधारी असतो. अ‍ॅलन स्रूफ आणि सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात पहिल्या वर्षातल्या हसण्याचा पद्धतशीर अभ्यास केला. त्यांच्या प्रयोगांतला एक मुखवट्याचा आहे. आईनं बाळासमोरच मुखवटा चढवला आणि ती जवळ आली, की दहा महिन्यांची बरीच बाळं हसत. तोच मुखवटा घालून अनोळखी बाई जवळ आली, की तीच बाळं गंभीर होत, आक्रसत, कधी रडत. मुखवटा तोच, जवळ येणंही तेच. घरात आणि प्रयोगशाळेतही फरक पडे. बाळाला नव्या जागेत रुळायला वेळ दिला तर हसण्याची शक्यता वाढे. यावरून स्रूफ यांनी मांडलं की, उत्कंठेचा जो ताण अंगात चढतो तो स्वतःहून ना सुखाचा ना भीतीचा. आजूबाजूला सुरक्षित वाटत असेल तर तो हसण्यात मोकळा होतो, नसेल तर रडण्यात. हसणं आणि रडणं यांच्यातलं अंतर बाळाच्या बाबतीत किती थोडं असतं हे ज्यानं बाळ सांभाळलंय त्याला सांगायला नको.

चैत्र पौर्णिमेला येरमाळ्यात येडेश्वरीच्या यात्रेत हे उघड्यावर दिसतं. डोंगरावरच्या देवळापासून खालच्या आमराईपर्यंत माणसांची दाटी, हलगीचा कडकडाट, गुलालानं माखलेले चेहरे, ऊन. काखेतल्या बाळाला कुणीतरी लांबची आत्या हौसेनं ‘भोऽऽ’ करते आणि बाळ ओठ काढून रडायला लागतं. आत्या खट्टू होते. आई ओशाळून म्हणते, ‘‘घरी लई हसतंय ओ हे, आज काय झालंय कुणास ठाऊक.’’ झालेलं काही नसतं. चेहरा अनोळखी, वर गुलाल, जागा नवी, आवाज मोठा. त्यात नजर न मिळवता थेट ‘भो’. ताण चढला, पण त्याला मोकळं व्हायला खात्रीची जागा नव्हती. सात-आठ महिन्यांपासून अनोळखी माणसाचं भय वाढू लागतं, हेही नेमकं त्याच वयात. आत्यानं आधी आईच्या कडेवरच्या बाळाला दुरून पाहू दिलं, आईच्या पदराआडूनच ती डोकावली, आवाज अर्ध्यावर ठेवला, तर त्याच आत्याला तासाभरात हसू मिळू शकतं.

बाळ कुणाचा चेहरा आहे एवढंच पाहत नाही, त्या चेहऱ्यावर काय आहे तेही पाहतं. डायान माँटेग्यू आणि आर्लीन वॉकर-अँड्र्यूज यांनी २००१ साली चार महिन्यांच्या बाळांशी हसऱ्या चेहऱ्यानं हा खेळ खेळायला घेतला आणि मध्येच काही डावांत चेहरा रागीट, घाबरलेला किंवा दुःखी केला. बाळांच्या पाहण्यात लगेच फरक पडला. एरवी नुसत्या चित्रांवरून या वयात भावना ओळखता येतात की नाही याबद्दल शंका घेतल्या जात होत्या. ओळखीच्या खेळात मात्र तो भेद बाळांना जाणवला. म्हणून मोबाइलकडं एक डोळा ठेवून यंत्रासारखं ‘भो... भो...’ करणाऱ्याला मिळणारं हसू लवकर ओसरतं. आजीला स्वतःला मजा येत असते, आणि ती बाळाला दिसत असते.

आणखी एक गोष्ट. हसणं हा फक्त आतला ताण मोकळा होण्याचा आवाज नाही. ते समोरच्याला दिलेलं उत्तर आहे. लंडनमध्ये कॅस्पर अ‍ॅडिमन या संशोधकानं जगभरातल्या आई-वडिलांना त्यांचं बाळ कशाकशाला हसतं हे विचारलं, तेव्हा हमखास हसू आणणाऱ्या गोष्टींत हा लपायचा खेळ वरच्या जागी आला. त्याच्याच गटाचा आणखी एक प्रयोग मला जास्त बोलका वाटतो. अडीच ते चार वर्षांच्या मुलांना त्यांनी कार्टून दाखवलं, कधी एकट्यानं, कधी सोबत दुसरं मूल बसवून. सोबत असताना मुलं सुमारे आठपट हसली. मात्र कार्टून किती गमतीचं होतं असं विचारल्यावर दोन्ही वेळा त्यांनी सारखंच सांगितलं. म्हणजे गंमत तेवढीच होती, हसू मात्र सोबत्यासाठी होतं. पाळण्यातल्या बाळाचंही असंच असावं. बोलता येत नाही, बोट दाखवता येत नाही, अशा वयात आजीला ‘पुन्हा कर’ हे सांगायला त्याच्याकडं हसण्यासारखं दुसरं साधन नाही. आजी हसण्याला भुलून पुन्हा पदर ओढते. कोण कुणाला खेळवतंय, हा प्रश्न इथं खराच आहे.

आता बिघडतं कुठं ते पाहू, कारण तेही त्याच कारणांतून निघतं. सर्वांत नेहमीची चूक म्हणजे बाळानं मान फिरवल्यावर थांबण्याऐवजी आणखी जोरात करणं. मान फिरवणं, डोळे चोळणं, उचकी लागणं, मुठी आवळणं, पाठ मागं ताणणं या खुणा सांगतात की ताण आता बाळाच्या आवाक्याबाहेर चाललाय. ते नजर काढून स्वतःला शांत करत असतं. अशा वेळी थांबून गप्प बसलं तर बरीच बाळं थोड्या वेळात आपणहून परत वळतात आणि खेळ पुढं चालतो. पाठलाग करून ‘भो’ केलं तर रडू येतं. दुसरी चूक बाळाच्याच तोंडावर जाड कापड टाकून धरण्याची. सहा-सात महिन्यांच्या पुढचं बाळ पातळ फडकं स्वतः ओढून काढू शकत असेल तरच हा प्रकार गमतीचा. झोपलेल्या किंवा त्याहून लहान बाळाच्या तोंडावर काही टाकू नये.

एखादं बाळ या खेळाला हसलं नाही एवढ्यावरून काही निदान होत नाही. काही बाळं मुळात गंभीर असतात, काही भुकेली, काही पेंगुळलेली. पण सहा महिन्यांचं होऊनही घरच्या माणसांच्या चेहऱ्याकडं पाहून हसत नसेल, नजरेला नजर देत नसेल, पदरामागच्या आवाजानं कधीच मान वळवत नसेल, तर ते अंगणवाडी ताईच्या किंवा आरोग्य केंद्राच्या कानावर घालावं. २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतल्या मुलांची तपासणी होते, आणि ऐकण्या-पाहण्यातला दोष जितका लवकर सापडेल तितकं बरं. घरी एवढं करून पाहता येतं : आवाज न करता नुसता पदर, आणि मग बाळाच्या नजरेआडून नुसता आवाज. दोहोंपैकी एकालाच बाळ सतत प्रतिसाद देत असेल, तर ते डॉक्टरांना सांगण्यासारखं निरीक्षण आहे, निदान नव्हे.

या खेळाच्या अंगाला आणखी एक दावा चिकटवला जातो : यातून बाळ आईच्या दूर जाण्याची सवय करून घेतं. मला हा दावा फार ताणलेला वाटतो. पदराआड आई दोन सेकंद जाते, आवाज चालू असतो, वास येत असतो, परत येणं ठरलेलं असतं. या भागातली कितीतरी कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि फडावर नेता येत नाहीत ती लेकरं आजीपाशी राहतात. महिनोन् महिने न दिसणारी आई आणि दोन सेकंद न दिसणारी आई यांना जोडणारी शिडी बाळाकडं नसते. तिथं बाळाला धरून ठेवतं ते रोज समोर असणारं माणूस, म्हणजे आजीच. पदराचा खेळ त्या दोघींचं नातं घट्ट करतो, एवढं म्हणणं पुरे.

नवव्या-दहाव्या महिन्याच्या सुमारास खेळ हात बदलू लागतो. आजीनं पदर ओढला की नात वाट न पाहता पुढं होऊन तो ओढून काढते. ‘कधी’ हा एकच प्रश्न आजीच्या हातात होता, तोही तिनं काढून घेतला. पुढं वर्षाच्या आसपास ती स्वतः पदरात तोंड खुपसते, क्षणभर थांबते आणि बाहेर येऊन मोठ्या माणसांच्या चेहऱ्यांकडं पाहते. ब्रूनर-शेरवूड यांनी पाहिलेल्या बाळांतही हेच घडलं : आधी पाहणारं बाळ हळूहळू करणारं होत गेलं, आणि दोन्ही बाजूंचे नियम त्याला ठाऊक आहेत हे दिसलं. पाळीपाळीनं करायचं, आपल्या पाळीची वाट पाहायची, दुसऱ्याच्या पाळीला दाद द्यायची हे संभाषणाचं व्याकरण बाळ पहिल्या शब्दाच्या आधी इथं वापरत असतं, असं ब्रूनर यांचं म्हणणं होतं.

तीन-चार वर्षांची मुलं लपाछपीत नुसते डोळे झाकून उभी राहतात आणि आपण लपलो असं मानतात, हे सगळ्यांनी पाहिलेलं आहे. केंब्रिजमध्ये जेम्स रसेल आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली अशा मुलांनाच याबद्दल विचारलं. डोळे झाकले असताना तुझं डोकं, तुझे हात मला दिसतात का? दिसतात, असं बऱ्याच मुलांनी मान्य केलं. आणि तू दिसतोस का? नाही. मग डोळे उघडे ठेवून, पण नजर दुसरीकडं वळवून विचारलं, तेव्हाही बरीच मुलं म्हणाली की नजरेला नजर मिळाली नाही तर मी दिसत नाही. त्यांच्या मते माणूस दिसायला शरीर दिसून भागत नाही, नजर मिळावी लागते. येरमाळ्याच्या वाड्यात खांबाला टेकून, दोन्ही हातांनी डोळे गच्च झाकून, पोट आणि पाय उघड्यावर ठेवून ‘‘आता शोध मला’’ म्हणणारं पोर हेच गणित मांडत असतं. आणि आठ महिन्यांची असताना आजीच्या बांगड्या समोर दिसत असूनही आजी बार्शीला गेली हे नातीनं ज्या हिशेबानं मान्य केलं होतं, तो हिशेब बहुधा याहून फार वेगळा नसावा.